छापील किंमत आणि हातातले बिल



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या कित्येक पिढ्यांना जमाखर्च शिकवला. म्हणून आजचा विषयही हिशेबाचाच घेतला आहे. दुकानदाराने छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले का, हे कसे तपासायचे आणि पाकिटावरच्या त्या चार ओळी त्याला नेमके काय करू देतात, एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी केल्यामुळे हा प्रश्न मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. ग्राहकांचा राग पाहिला आहे आणि दुकानदाराची अडचणही ऐकली आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. एमआरपी सरकार ठरवते, असे पुष्कळांना वाटते. औषधांसारख्या थोड्या वस्तू सोडल्या तर ते खरे नाही. बिस्किटाचा पुडा किती रुपयांना विकायचा, हे उत्पादक ठरवतो. कायदा त्याला एवढेच सांगतो की जी काय कमाल किंमत ठरवशील ती सर्व करांसह एकाच आकड्यात पाकिटावर छाप, आणि मग त्या आकड्याच्या वर कोणीही विकणार नाही. ही किंमत रास्त आहे, असे ते लेबल कुठेही म्हणत नाही. एखाद्या वस्तूवर दुप्पट नफा धरून किंमत छापलेली असू शकते. त्यावर वजनमापे खाते काही करू शकत नाही. छापील आकडा ही वरची मर्यादा आहे. तिच्या खाली कितीही उतरता येते, वर जाता येत नाही.

सभागृहातल्या ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल, पूर्वी पाकिटावर किंमत असायची आणि पुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असे शब्द असायचे. त्या तीन शब्दांच्या आडून दुकानदार हवे तेवढे लावायचा. कर किती आणि त्याचा स्वतःचा वाढावा किती, हे गिऱ्हाईकाला कळायला मार्गच नव्हता. १९७७ च्या नियमांत १९९० साली दुरुस्ती झाली आणि सर्व कर धरून एकच आकडा छापणे बंधनकारक झाले. पुढे २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम आले. हे दोन्ही १ एप्रिल २०११ पासून लागू झाले आणि आज आपण जे पाकीट हातात घेतो ते या नियमांखाली येते. यातला अठरावा नियम आपल्या कामाचा आहे. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, उत्पादक, आयातदार, कोणीही असो, पाकिटावरच्या किमतीपेक्षा जास्त दराने विक्री करायची नाही, असे तो सांगतो. त्याच नियमात पुढे असेही आहे की उत्पादकाने छापलेली किंमत कोणी खोडायची नाही, पुसट करायची नाही, बदलायची नाही.

आता प्रत्यक्ष एक उदाहरण घेऊ. आकडे मी हिशेबाला सोपे घेतले आहेत, पण प्रकार रोजचा आहे.

एक बाई मोठ्या दुकानातून महिन्याचे सामान भरतात. टोपलीत अडीचशे ग्रॅमचे चहाचे पाकीट आहे. घरी आल्यावर त्या बिल बघतात. बिलावर चहाच्या ओळीत तीन आकडे आहेत. एमआरपी १६०, दर १५५, बचत ५. खाली ठळक अक्षरांत, आज तुम्ही इतके रुपये वाचवले, असा मजकूर आहे. बाईंचे समाधान होते. पण त्या पाकीट उलटून बघतात, तर त्यावर छापले आहे: कमाल किरकोळ किंमत १५० रुपये, सर्व करांसह. म्हणजे बिल सांगते पाच रुपये वाचले, आणि प्रत्यक्षात पाच रुपये जास्त गेले आहेत.

हे कसे घडते? पाकिटावरचा बारकोड किंमत सांगतो, असा बहुतेकांचा समज असतो. किराणा मालाच्या तेरा आकडी बारकोडमध्ये किंमत नसते. त्यात असतो तो त्या वस्तूचा क्रमांक. भारतातल्या नोंदणीचा असेल तर तो ८९० ने सुरू होतो. यंत्र तो क्रमांक वाचते आणि त्या क्रमांकापुढे दुकानाच्या संगणकात जी किंमत भरून ठेवलेली असेल ती उचलते. कंपनी चहाची किंमत १५० वरून १६० करते तेव्हा बारकोड बऱ्याचदा जुनाच राहतो. मग दुकानात एकाच क्रमांकाची दोन पाकिटे असतात, एक जुने दीडशेचे, एक नवे एकशेसाठचे. चांगल्या बिलिंग प्रणालीत अशा वेळी पडद्यावर दोन्ही किमती येतात आणि पाकीट पाहून योग्य ती निवडायची असते. रांग मोठी असते, गल्ल्यावरचा मुलगा वरची ओळ दाबतो आणि पाकीट पुढे सरकवतो. कधी जुनी किंमत संगणकातून काढूनच टाकलेली असते. अशा वेळी त्या मुलाच्या मनात काही नसते. पण नियम हेतू विचारत नाही. त्या पाकिटावर जो आकडा आहे, त्याच पाकिटाला तोच लागू.

म्हणून तपासताना बिलावरची एमआरपी आणि बिलावरचा दर यांची तुलना करून काही हाती लागत नाही. ते दोन्ही आकडे एकाच संगणकातून आलेले असतात. तुलना करायची ती बिलावरच्या दराची आणि पाकिटावरच्या छापील किमतीची. बचतीची ओळ पूर्ण बाजूला ठेवा.

छोट्या दुकानातही हेच घडते, फक्त तिथे संगणकाऐवजी तोंडी सांगतात: ‘काका, आता भाव वाढलाय, नवीन माल एकशेसाठचा आलाय.’ नवा माल आला असेल, खरेच महाग झाला असेल. पण तुमच्या हातातले पाकीट जुन्या मालातले आहे आणि त्यावर दीडशे छापले आहे, तर दीडशेच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. भाव वाढला हे पुढच्या पाकिटाबाबत खरे. उलट, नव्या पाकिटावर एकशेसाठ असेल आणि दुकानदार एकशेसाठ मागत असेल, तर गेल्या महिन्यात दीडशेला मिळाले होते, ही तक्रार टिकत नाही.

आता बिलाच्या तळाशी जाऊ. तिथे केंद्राचा जीएसटी, राज्याचा जीएसटी असे दोन आकडे दिसतात आणि लोक घाबरतात की वरून कर लावला. दोन तऱ्हेची बिले असतात आणि त्यांतला फरक एकदा समजून घेतला की पुरे. समजा वस्तू शंभर रुपयांची आहे आणि तिच्यावर पाच टक्के कर आहे. बरोबर बिलात करपात्र रक्कम ९५.२४ दिसेल, खाली २.३८ आणि २.३८ असे दोन कर, आणि बेरीज शंभर. म्हणजे शंभरात जो कर आधीच होता, तो वेगळा काढून दाखवला आहे. चुकीच्या बिलात वस्तूची रक्कम शंभर, खाली अडीच आणि अडीच, आणि एकूण १०५. इथे एमआरपीवर कर चढवला. हे चालत नाही. कराच्या ओळी आहेत की नाहीत, हे पाहायचे नाही. शेवटचा आकडा छापील किमतीच्या वर गेला का, तेवढे पाहायचे. अनेक वस्तू असतील तर सगळ्या पाकिटांच्या छापील किमती एका कागदावर मांडून बेरीज करा. बिलाची बेरीज तिच्या वर असेल, तर ओळीओळीने शोधा. मात्र बेरीज खाली आली म्हणून सगळे बरोबर, असे धरू नका. एका वस्तूवरच्या सवलतीत दुसरीवरचा जास्तीचा पैसा लपून जातो.

इथे कपड्यांच्या आणि चपलांच्या दुकानांचा एक प्रकार सांगायला हवा, कारण त्यात लोक चुकीच्या दारावर जातात. बाहेर पाटी असते, सरसकट चाळीस टक्के सूट. बुटांवर दोन हजार छापलेले. सूट धरून बाराशे व्हायला हवेत. बिल येते बाराशे अधिक पाच टक्के कर, म्हणजे १२६०. ही रक्कम दोन हजारांच्या कितीतरी खाली आहे, त्यामुळे छापील किमतीचा नियम मोडलेला नाही आणि आमचे निरीक्षक इथे काही करू शकत नाहीत. पण दोन हजारांत कर आलेलाच होता. त्यावर चाळीस टक्के सूट म्हणजे करासह बाराशे, असाच अर्थ पाटी वाचणारा घेतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ साली अशाच प्रकरणांत, सूट दिलेल्या किमतीवर पुन्हा कर लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. म्हणजे दाद आहे, पण ती ग्राहक आयोगाकडे.

आता लेबल काय करू देते, याकडे येतो. सर्वांत जास्त वाद चिकटपट्टीवरून होतात, म्हणजे स्टिकरवरून. छापील किंमत असताना तिच्यावर दुसरी किंमत चिकटवता येते का? वाढीव किंमत चिकटवता येत नाही. कमी किंमत चिकटवता येते, पण मूळ किंमत झाकायची नाही. दोन्ही आकडे दिसले पाहिजेत. त्यामुळे पाकिटावर चिकटपट्टी दिसली की नखाने तिचा कोपरा उचलून पाहा. खाली छापील किंमत निघाली आणि ती वरच्या आकड्यापेक्षा कमी असली, तर प्रकरण तिथेच स्पष्ट झाले. आयात मालाची गोष्ट निराळी. परदेशी चॉकलेटवर तिकडच्या कारखान्यात आपली एमआरपी छापलेली नसते. आयातदाराने आपले नाव, पत्ता, आयात मालाचा तपशील आणि रुपयांतली किंमत असलेले लेबल लावणे मान्य आहे. अशा लेबलावर आयातदाराचा पत्ता आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क आहे का, ते पाहा. नुसता किमतीचा इवलासा चौकोन, बाकी काहीच नाही, तर संशयाला जागा आहे.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा चिकटपट्ट्यांचा हा विषय घरोघर पोहोचला. शांपू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांच्यावरचा कर १८ वरून ५ टक्के झाला. दुकानांत आणि गोदामांत तर जुन्या किमतीचा माल पडून होता. सरकारने उत्पादक, पॅकर आणि आयातदार यांना त्या न विकलेल्या मालावर सुधारित किंमत शिक्क्याने किंवा चिकटपट्टीने लावायची मुभा ठरावीक मुदतीपर्यंत किंवा माल संपेपर्यंत दिली. केसांच्या तेलाच्या बाटलीचे उदाहरण घ्या. करापूर्वीची किंमत शंभर असेल तर जुनी एमआरपी ११८, नवी १०५. बाटलीवर ११८ छापलेले, शेजारी १०५ ची पट्टी, तर तुमच्यासाठी मर्यादा १०५ ची. दुकानदार ११८ कडे बोट दाखवून ते मागू शकत नाही. पण पट्टी लावणे ऐच्छिक ठेवले गेले होते. पट्टीच नसलेली बाटली कोणी ११८ ला विकली, तर छापील किमतीचा भंग झाला असे म्हणता येत नाही. करकपातीचा फायदा दिला नाही, ही वेगळी तक्रार आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिच्यासाठी स्वतंत्र वर्ग उघडण्यात आला. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की तक्रारदाराचे म्हणणे पहिल्याच पायरीवर फेटाळले जाते. म्हणून इतक्या बारकाईने सांगतो आहे.

किंमत खरवडलेली, शाई पुसलेली असे पाकीट हातात आले तर? अलीकडे एक चांगली सोय झाली आहे. आता पाकिटावर एमआरपीबरोबर एकक किंमतही छापतात. वस्तू किलोच्या आत असेल तर दर ग्रॅमला किती, किलोच्या वर असेल तर दर किलोला किती. ती दोन दशांशांपर्यंत असते. चहाच्या त्या पाकिटावर दर ग्रॅमला ०.६० रुपये असे छापलेले सापडले, तर अडीचशेने गुणा, दीडशे येतात. दशांश जवळच्या आकड्याला नेलेला असल्यामुळे रुपया-सव्वा रुपया इकडेतिकडे होऊ शकतो. पण एकशेसाठ आणि दीडशे यांतला फरक तेवढ्यात लपत नाही. एकशेसाठच्या पाकिटावर हा आकडा ०.६४ असता. खरवडणारा बहुधा मोठा आकडा खरवडतो आणि हा छोटा आकडा विसरतो.

आता ज्या विषयावर सर्वांत जास्त आवाज चढतात, तो. थंड करण्याचे पैसे. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीवर एक रुपया जास्त, पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीवर दोन-पाच रुपये जास्त. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘फ्रीजचं लाइट बिल कोण भरणार?’

दुकानदाराची ही अडचण खोटी नाही. दुधावरचे कमिशन थोडे असते, पिशव्या फुटतात, उन्हाळ्यात फ्रीज दिवसरात्र चालतो. मी स्वतः दुकानांत उभा राहून हे हिशेब ऐकले आहेत आणि त्यांत तथ्य आहे. पण या अडचणीचे ओझे गिऱ्हाईकावर टाकायची वाट कायद्याने बंद केली आहे. थंड पिशवी आणि गरम पिशवी असा भेद पाकिटावर नाही, मग बिलात तो येऊ शकत नाही. कमिशन परवडत नसेल तर ते डेअरीकडून आणि वितरकाकडून वाढवून घ्यायचे. डेअरीला वाटले तर ती छापील किंमत वाढवेल आणि मग तो आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असेल. दुकानदार संघटनांनी हा आग्रह डेअऱ्यांकडे धरावा, असे मला मनापासून वाटते, कारण रोज सकाळी साठ-सत्तर माणसांशी एकेका रुपयासाठी हुज्जत घालणे त्यांच्याही हिताचे नाही. सकाळी पिशवी दारात टाकणाऱ्याने महिन्याचे घरपोच शुल्क आधी सांगून वेगळे घेतले, तर तो निराळा व्यवहार आहे. ती सेवा आहे आणि ती नको म्हणायची तुम्हाला मोकळीक आहे. दुकानाच्या काउंटरवरून पिशवी उचलणाऱ्याला अशी कोणतीच सेवा मिळत नाही.

रेल्वे स्थानकावरचे पाणी हा याचाच भाऊ. रेल नीरची एक लिटरची बाटली १५ रुपयांची होती. जीएसटी कमी झाल्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ती १४ ची झाली आणि अर्ध्या लिटरची १० वरून ९ ची.  गाडी दोन मिनिटे थांबते, खिडकीतून हात पुढे येतो, वीस रुपये मागितले जातात आणि गाडी हलते. तिथे वाद घालायला वेळ नसतो. त्यामुळे बाटलीवरची किंमत दिसेल असा एक फोटो, स्टॉलचे नाव किंवा क्रमांक, स्थानक आणि वेळ एवढे टिपून घ्या आणि रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर कळवा. ऑनलाइन पैसे दिले असतील तर फोनमध्ये रक्कम आणि वेळ आपोआप राहते. आजच्या काळात बिल नसलेल्या माणसाच्या हातात राहणारा हा चांगला पुरावा आहे. चौदाच्या बाटलीसमोर वीसची नोंद, तीही त्या स्टॉलच्या नावाने, हे नाकारणे अवघड जाते.

मग हॉटेलात पाण्याच्या बाटलीला दुप्पट घेतात ते कसे चालते, हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर २०१७ च्या निकालात आहे. हॉटेल आणि रेस्टॉरंटवाल्यांच्या महासंघाची ती याचिका होती. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: माणूस हॉटेलात केवळ बाटली विकत घ्यायला जात नाही. तो तिथे बसतो, टेबल वापरतो, वाढणारा असतो, वातावरण असते. तो व्यवहार वस्तूची निव्वळ विक्री नसून सेवेसह एकत्रित व्यवहार आहे, आणि म्हणून छापील किमतीचे बंधन तिथे लागू होत नाही. मला व्यक्तिशः हा निकाल ग्राहकाच्या दृष्टीने समाधानकारक वाटत नाही. बंद बाटलीवर सेवा म्हणून काय चढते, हे मला आजही पटलेले नाही. पण तो कायदा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावे लागते. मात्र त्याची मर्यादाही ओळखा. निकालाचा सारा आधार सेवेवर आहे. पानपट्टीवाला, किराणा दुकान, रस्त्यावरची टपरी, फलाटावरचा स्टॉल यांच्यापैकी कोणी तुम्हाला टेबलाशी बसवून वाढत नाही. त्यांनी या निकालाचा आधार घेतला तर ऐकून घेऊ नका. हॉटेलात जेवायला बसण्याआधी पाण्याचा दर मेन्यूत पाहायचा किंवा साधे पाणी मागायचे, हा मार्ग तुमच्या हातात आहे.

याच ओघात मॉल आणि सिनेमागृहांचा उल्लेख करतो. एकाच कंपनीची, एकाच मापाची बाटली बाहेर एका किमतीची आणि आत दुप्पट छापील किमतीची, असे पूर्वी सर्रास चाले. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, अनुचित व्यापारी प्रथेतून तंतोतंत सारख्या वस्तूवर दोन वेगळ्या एमआरपी छापायला मनाई केली. तिचा जोर ‘तंतोतंत सारख्या’ या शब्दांवर आहे. नाव थोडे बदलले, माप बदलले की ती दुसरी वस्तू होते. म्हणून आत आणि बाहेर तुलना करताना आधी माप वाचा.

काही पाकिटांवर एमआरपी नसतेच आणि तेही नियमात बसते. तुमच्यासमोर तोलून दिलेली साखर, मिठाईच्या दुकानात समोर भरलेला पेढ्यांचा खोका, हॉटेलने बांधून दिलेले पार्सल यांना छापील किंमत लागत नाही. दहा ग्रॅमच्या किंवा त्याहून लहान बहुतेक पुड्यांनाही सवलत आहे. पंचवीस किलोच्या वरच्या गोण्याही सर्वसाधारणपणे या नियमांबाहेर आहेत. पण दुकानदाराने शेंगदाण्याची अर्धा-अर्धा किलोची पाकिटे आदल्या दिवशीच भरून, तोंड बंद करून फळीवर ठेवली असतील, तर ती आवेष्टित वस्तू झाली. गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक वजन भरले, एवढे पुरे. तिच्यावर नाव, पत्ता, वजन, महिना, किंमत सगळे हवे. तिथे जास्त पैसे घेतले का, हा प्रश्नच येत नाही, कारण लेबल नसणे हाच भंग आहे.

शेवटी पुराव्याबद्दल. अनेक खऱ्या तक्रारी इथेच गळतात.

चहाच्या पाकिटाकडे परत जाऊ. बाई चार दिवसांनी पाकीट आणि बिल घेऊन दुकानात गेल्या. व्यवस्थापक नम्रपणे म्हणाला, ‘ताई, हे पाकीट त्या बिलातलं कशावरून? आमच्याकडे एकशेसाठचाच माल आहे.’ त्याचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने कच्चा नाही. किराणा बिलावर पाकिटाचा बॅच क्रमांक नसतो. बिल सांगते चहा घेतला, कोणता चहा ते सांगत नाही. औषधाच्या बिलावर मात्र बॅच क्रमांक आणि मुदत लिहिलेली असते. म्हणून औषधावर जास्त पैसे घेतले असतील तर ते सिद्ध करणे सर्वांत सोपे, गोळ्यांच्या पट्टीवरचा बॅच आणि बिलावरचा बॅच एक आहे, संपले. किराण्यात ही सोय नाही, त्यामुळे तपासणी दुकान सोडण्यापूर्वी व्हायला हवी. सगळे पाकीटन्‌पाकीट तपासायची गरज नाही. ज्यांचे भाव अलीकडे हलले आहेत ते पाहा: चहा, तेल, साबण, बिस्किटे. फरक दिसला तर तिथेच, काउंटरवर, बिल आणि पाकिटाची किमतीची बाजू एकाच फोटोत घ्या, मागे दुकानाचा काउंटर दिसू द्या. मग शांतपणे सांगा. माझा अनुभव असा की अशा वेळी दहापैकी नऊ ठिकाणी पाच रुपये मुकाट्याने परत मिळतात.

बिल मागणे हा तुमचा अधिकार आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला दोनशे रुपयांच्या आतल्या खरेदीवर, गिऱ्हाईकाने मागितले नाही तर, प्रत्येकाचे वेगळे बिल न देण्याची सूट आहे. मागितले की ते द्यावे लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे हेही त्याच कायद्यात तक्रारीचे कारण आहे.

तक्रार कुठे करायची, याचा गोंधळ नको. तुमचे पैसे परत हवे आहेत की त्या दुकानाची पद्धत बदलायला हवी, हे आधी ठरवा. पैशांसाठी पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. ती सांगून, मध्यस्थी करून पाहते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. दुकानाची पद्धत बदलायची असेल तर जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात अर्ज द्या. निरीक्षक तुमच्या पाच रुपयांची वसुली करून देणार नाही. पण तो गिऱ्हाईक म्हणून वस्तू विकत घेऊन पाहू शकतो, फळीवरचा माल, संगणकातला दर आणि छापील किंमत ताडून पाहू शकतो आणि खटला भरू शकतो. अर्जात दुकानाचे नाव आणि पत्ता, तारीख, वेळ, वस्तूचे नाव, माप, छापील किंमत, घेतलेली किंमत आणि पाकिटावरचा महिना व बॅच एवढे असले की पुरे. दुकानदार कसा बोलला, याची दोन पाने लिहू नका.

आज इथे बसलेल्यांपैकी ज्यांची स्वतःची दुकाने आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. नवीन किमतीचा माल आला की संगणकातली जुनी किंमत पुसू नका, दोन्ही ठेवा, आणि जुना माल संपेपर्यंत तो वेगळ्या फळीवर लावा. आणि बाकीच्यांना विनंती अशी की पाकीट फोडून डब्यात रिकामे करण्यापूर्वी ते एकदा बिलाशेजारी ठेवून पाहा.